बिननावाची पेप्सी: रंग आणि पिशवी काय सांगते, काय सांगत नाही

प्रश्न: मॅडम, मुलीच्या शाळेसमोरच्या दुकानात दोन रुपयांची पेप्सी मिळते. लांब नळीसारखी पिशवी, वर फळांची चित्रं, कंपनीचं नाव काहीच नाही. लाल, हिरवी, पिवळी आणि एक दुधाची पांढरी. ती रोज मागते. रंग आणि पिशवी बघून चांगली-वाईट ओळखता येते का? स्वच्छतेच्या दृष्टीनं नक्की कशाची भीती धरायची? पूर्ण बंद करायची इच्छा नाही.

उत्तर:

ताई, रंगाच्या छटेवरून फार थोडं कळतं. तो रंग नळीत कसा पसरलाय यावरून बरंच कळतं आणि पिशवीवरून सगळ्यात जास्त कळतं. पाण्याबद्दल मात्र यातलं काहीच सांगत नाही, आणि मुलं आजारी पडतात ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, तिथे असल्या नळ्या दर उन्हाळ्यात टेबलावर यायच्या. आधी ही पेप्सी तुमच्या दुकानात पोचते कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

काडीवरचं गारेगार कारखान्यातच गोठतं. साचे मिठाच्या किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या थंडगार पाण्यात बुडवलेले असतात, त्यात सरबत ओततात, काडी लावतात आणि घट्ट झालं की काढतात. पेप्सीचं तसं नाही. ती कारखान्यातून पातळच बाहेर पडते. एका टाकीत पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, इसेन्स आणि रंग ढवळतात, प्लास्टिकच्या रोलपासून यंत्र नळी बनवतं, भरतं आणि गरम जबड्यानं दोन्ही टोकं चिकटवतं. अशा नळ्या मोठ्या पिशवीत भरून दुकानात येतात आणि फ्रीजरमध्ये जागा होईपर्यंत फळीखाली किंवा खिळ्याला लटकत पडून राहतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या टपरीत त्या कशा तापतात ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे आपण जिला बर्फाची वस्तू समजतो, तिचा बराचसा काळ कोमट सरबत म्हणून गेलेला असतो. थंड करणं ही दुकानदाराची शेवटची पायरी असते, बनवणाऱ्याची नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट, गोठलेल्या पेप्सीकडे बघायच्या आधी दुकानात बाहेर ठेवलेल्या, न गोठवलेल्या नळ्यांकडे बघा. गोठल्यावर पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्यामुळे गोठलेली प्रत्येक नळी ताठ आणि टम्म दिसते. तिच्यावरून काही ठरवता येत नाही. पातळ असताना मात्र चांगली नळी मऊ, किंचित सैल असते आणि तिच्यात हवेचा छोटासा बुडबुडा इकडून तिकडे फिरतो. तीच नळी बाहेर असतानाच फुग्यासारखी ताणलेली दिसली, तर आत यीस्ट वाढलंय आणि साखर आंबून वायू तयार झालाय. अशी नळी फोडली की ताडीसारखा वास येतो. अशा दहा नळ्यांत एकही दिसली तर त्या दिवशी त्या दुकानातली कुठलीच पेप्सी घेऊ नका, कारण त्या सगळ्या एकाच टाकीतून भरलेल्या असण्याची शक्यता जास्त. यीस्टमुळे फार मोठा आजार होतो म्हणून नव्हे. टाकी, नळ्या किंवा भरायचं तोंड नीट धुतलं जात नाही एवढं त्यावरून कळतं, आणि जिथे यीस्ट शिरलं तिथे दुसरंही काही शिरू शकतं.

आता एक लाल पेप्सी हातात घ्या आणि माझ्याबरोबर बघा.

आधी दोन्ही टोकं. यंत्राची शिवण सरळ असते, सगळीकडे सारख्या रुंदीची, आणि तिच्यावर बारीक रेघांचा ठसा दिसतो. नळीच्या पाठीवर लांबीभर एक उभी शिवणही असते. टोक जळून तपकिरी मणी झालेला दिसला, शिवण वाकडीतिकडी गेलेली असली किंवा सरळ गाठच मारलेली असली, तर ती नळी हातानं, नरसाळ्यानं भरलेली आहे. घरगुती माणूस स्वच्छ नसतो असं मला म्हणायचं नाही. काही बायका घरी उकळलेल्या पाण्यात उत्तम पेप्सी बनवतात. पण हातानं भरताना प्रत्येक पिशवीचं तोंड बोटांनी उघडावं लागतं, कधीकधी फुंकर मारून उघडलं जातं. त्यामुळे बनवणारी व्यक्ती ओळखीची नसेल तर गाठ मारलेली नळी मी मुलाच्या हातात देणार नाही.

मग नळी बोटांनी चोळा. चिकट लागते का? पिशवीच्या बाहेर रंगीत हिम जमलंय का? फ्रीजरमध्ये चार-पाच नळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठा झालाय का? म्हणजे कुठलीतरी एक गळते आहे. हे किरकोळ वाटतं, पण ज्या भोकातून सरबत बाहेर येतं त्याच भोकातून नळी वितळलेली असताना बाहेरचं पाणी आत जातं. सायकलवर थर्माकोलच्या पेटीत विकणाऱ्यांकडे हे जास्त बघावं लागतं, कारण पेटीत भोवती जो बर्फ असतो तो खाण्याचा असेलच असं नाही. मासे आणि औषधं थंड ठेवायला बनवलेला लादीचा बर्फ कुठल्याही पाण्याचा असू शकतो. २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं असा बर्फ निळसर रंगवूनच विकायचा असा नियम लावला, तो त्यासाठीच. पेटीत तळाशी निळसर बर्फ दिसला किंवा नळ्या काळपट पाण्यात तरंगताना दिसल्या, तर तिथून परत फिरा.

आता रंगाकडे. पण छटेकडे नव्हे, तो कसा पसरलाय त्याकडे. नळी उजेडात आडवी धरा. पाणी गोठायला लागतं ते कडेनं, आणि गोठताना ते साखर, रंग, आंबटपणा सगळं आत ढकलत जातं. म्हणून सावकाश गोठलेल्या पेप्सीची कड फिकट आणि मधला गाभा गडद दिसतो. हे अगदी साहजिक आहे, त्यात भेसळ काही नाही. पण नळीचं एक टोक पांढरं आणि दुसरं टोक गडद, घट्ट पाकासारखं दिसत असेल, तर ती अर्धी वितळली होती, वितळलेला पाक खाली उतरला आणि मग ती उभीच पुन्हा गोठली. नळी आडवी पडून असेल तर गडद पट्टा एका बाजूला लांबीभर दिसतो. वीज गेली, फ्रीजर रात्री बंद ठेवला, पेटीतला उरलेला माल परत फ्रीजरमध्ये टाकला, यातलं काहीतरी झालंय. आंबट फळाच्या पेप्सीत एकदा असं झाल्यानं लगेच धोका होत नाही. दुधाच्या पेप्सीत होतो, त्याकडे पुढे येते.

साखरेचा अंदाजही इथेच येतो. आपल्या नियमांत आइस कँडीला किमान १० टक्के साखर धरलेली आहे, म्हणजे ६० मिलिलिटरच्या नळीत ६ ग्रॅम, चहाचा साधारण दीड चमचा. एवढी साखर असली की फ्रीजरच्या तापमानालाही स्फटिकांमध्ये थोडा पाक पातळ राहतो, नळी दाबली की भुसभुशीत मोडते. साखर वाचवून सॅकरिन घातलेली नळी दगडासारखी कडक होते. दोन-तीनदा चोखली की गोडी आणि रंग संपतो, हातात पांढरा बर्फ उरतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, धातूसारखी चव रेंगाळते. सॅकरिन म्हणजे विष नव्हे. पण पाकिटावर न लिहिता ते घालणारा माणूस खर्च कुठेकुठे वाचवतो याचा तो पुरावा आहे, आणि पाण्याच्या टाकीवर तो खर्च करत असेल असं मला वाटत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, रंग. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंग चालतात. लालमध्ये पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यात ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन, हिरव्यात फास्ट ग्रीन. मर्यादा आहे किलोला १०० मिलिग्रॅम. आता हे कारखान्याच्या भाषेत मांडून बघा. १०० लिटरच्या पिंपाला सगळा मिळून १० ग्रॅम रंग, त्याहून एक कण जास्त नाही. आणि खरं तर पेप्सी छान लाल दिसायला एवढाही लागत नाही. पण ज्याच्याकडे १० ग्रॅम मोजायचा काटाच नाही, तो चमच्यानं टाकतो, मग ‘अजून फिकट दिसतंय’ म्हणून अर्धा चमचा आणखी. नमुन्यांमध्ये मला दिसलेली सगळ्यात नेहमीची चूक हीच होती, रंग परवानगीचाच पण प्रमाण भलतंच. डोळ्यांना हे थोडंफार कळतं. बोटभर जाडीची नळी उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं काहीच दिसत नसेल, पातळ सरबतही शाईसारखं वाटत असेल, तर रंग जास्त झालाय असं धरा.

परवानगीचा की बिनपरवानगीचा हे मात्र डोळा सांगू शकत नाही, कितीही अनुभवी असला तरी. प्रयोगशाळेत आम्ही काय करायचो ते सांगते. पेप्सी वितळवून तिच्यात थोडं आम्ल घालायचं, पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून तापवायचं. रंग लोकरीवर चढतो. धागा स्वच्छ धुवायचा, मग अमोनियाच्या पातळ पाण्यात तो रंग परत उतरवायचा, त्याचा थेंब खास कागदावर ठेवायचा, शेजारी माहीत असलेल्या रंगांचे थेंब ठेवायचे आणि कागदाचं टोक द्रावणात बुडवायचं. द्रावण कागदावर चढतं तसे रंग आपापल्या वेगानं वर सरकतात आणि वेगळे होतात. नळीत एकच दिसणारा हिरवा कागदावर पिवळा आणि निळा असा दुभंगतो. दिसायला सारखे दोन लाल वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ज्याची जागा आठांपैकी कुणाशीच जुळत नाही तो संशयित. एवढं केल्यावर आम्ही सही करायचो. त्यामुळे ‘भडक आहे म्हणजे कपड्याचा रंग’ किंवा ‘जीभ लाल झाली म्हणजे विषारी’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. परवानगीचे रंगही जीभ रंगवतात, आणि फिकट गुलाबी पेप्सीतही नको तो रंग असू शकतो.

एका रंगाबद्दल मात्र घरी शंका घेता येते, म्हणून तेवढं सांगते. रोडामाइन बी हा कापड आणि कागद रंगवायचा गुलाबी रंग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूनं आणि पुदुच्चेरीनं म्हातारीचे केस विकायला बंदी केली ती त्यात हाच सापडला म्हणून. तो अगदी थोडा असला तरी पाण्यात झगमगतो. वितळलेल्या गुलाबी किंवा राणी रंगाच्या पेप्सीचा एक चमचा काचेच्या पेलाभर स्वच्छ पाण्यात घाला, पेला उन्हात ठेवा, मागे काळा कागद धरा आणि बाजूनं बघा. पाणी गुलाबी असूनही आतून नारिंगी चकाकी फुटल्यासारखी दिसली, तर ती पेप्सी पुन्हा घेऊ नका. एरिथ्रोसिन हा परवानगीचा लालही थोडासा चमकतो, त्यामुळे एवढ्यावरून कुणावर आरोप करता येणार नाही. आणि चमक दिसली नाही म्हणजे रंग चांगला असंही नाही. मेटॅनिल यलो, ऑरेंज टू हे नको असलेले पिवळे-नारिंगी रंग या रीतीनं दिसतच नाहीत. घरी हायड्रोक्लोरिक आम्ल आणून ते तपासायचे प्रयोग मोबाइलवर फिरतात, ते लहान मुलांच्या घरात करू नका.

तुमची मुलगी रोज मागते म्हणता. परवानगीचा रंग मर्यादेत असेल तर ६० मिलिलिटरच्या एका नळीतून फार तर ६ मिलिग्रॅम पोटात जातात. परवानगीच्या बहुतेक रंगांच्या बाबतीत शाळकरी मुलासाठी हे प्रमाण काळजी करण्यासारखं नाही. म्हणून रंगाची भीती मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. बिनपरवानगीच्या रंगाचा त्रास होतो तो बराच काळ, पुन्हा पुन्हा खाल्ल्यानं. म्हणजे रोजचीच एक लाल नळी नको, एवढी खबरदारी पुरे. पाण्याचा त्रास मात्र एका नळीनंही होतो.

गोठवल्यानं जंतू मरतात हा समज इतका पक्का बसलाय की शिकलेली माणसंही तसं बोलतात. गोठवणं जंतूंना थांबवतं, काही मरतात, बाकीचे वितळल्यावर पुन्हा तयार असतात. विषमज्वराचे जंतू बर्फात टिकतात. काविळीचा ए प्रकारचा विषाणू तर गोठवण्याला आणि आंबटपणाला दोन्हींना दाद देत नाही. बनवणारा म्हणेल की आम्ही क्लोरीनचं नळाचं पाणी वापरतो. ते चांगलंच आहे, पण साखर, इसेन्स आणि रंग मिसळल्यावर क्लोरीन त्यांच्यातच खर्च होतं. नंतर नळ्या भरणाऱ्याच्या हातून किंवा न धुतलेल्या टाकीतून जे शिरेल त्याला अडवायला ते उरत नाही. आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पेप्सीला मागणी जास्त, तेव्हाच नळाला पाणी कमी आणि टँकर किंवा बोअरवर भिस्त.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. विषमज्वराची लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, काविळीला दोन ते सात आठवडे लागू शकतात. शाळेला सुट्टी लागल्यावर गावी गेलेलं मूल आजोळी आजारी पडतं आणि दोष तिथल्या विहिरीला जातो. म्हणून ‘आमचा मुलगा तर वर्षभर खातोय, काही झालं नाही’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही.

तरी सगळ्या नळ्या सारख्या धोक्याच्या नाहीत. चांगली आंबट पेप्सी लिंबाच्या सरबताइतकी आम्लधर्मी असते आणि त्यात पोट बिघडवणारे बहुतेक जीवाणू वाढत तरी नाहीत, हळूहळू कमी होतात. विषाणूंवर याचा भरवसा नाही, पण काहीतरी आडकाठी असते. दुधाच्या, मलईच्या, चॉकलेटच्या पेप्सीत ही आडकाठी नसते. दूध आंबट नाही, त्यात जंतूंना खायला भरपूर आणि नळी पातळ अवस्थेत दुकानात पडून. त्यात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू, जे हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून येतात, वाढले तर असं विष तयार करतात की ते गोठवूनही जात नाही आणि उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. तेव्हा ताई, भडक लाल आणि शांत पांढरी यांत आई म्हणून तुमचा हात साहजिकच पांढरीकडे जाईल, पण बिननावाच्या मालात ती पांढरीच मी आधी नाकारेन. एक टोक पाणचट आणि दुसऱ्या टोकाला दुधाचा घट्ट थर, आत बारीक कण फुटल्यासारखे, असं दिसलं तर ती फेकूनच द्या.

पिशवीच्या प्लास्टिकबद्दल थोडक्यात. चांगलं पातळ पॉलिथिन फ्रीजरमधून काढल्यावरही लवचिक राहतं, स्वच्छ पारदर्शक असतं आणि त्याला वास नसतो. पुन्हा वितळवून बनवलेलं प्लास्टिक करडट, धुरकट दिसतं, त्यात काळे ठिपके असतात, नाकाशी धरलं तर रॉकेलसारखा किंवा जळका वास येतो. ते खाण्याच्या पिशवीला चालत नाही. छपाई ओल्या अंगठ्यानं जोरात घासा. शाई बोटाला आली तर ती मुलीच्या ओठांना येणार. आणि रोल गुंडाळलेला असताना बाहेरची छपाई आतल्या बाजूला टेकलेली असते हेही लक्षात घ्या, कच्ची शाई तिथेही उतरते. संपूर्ण नळीभर गडद छपाई करून आतला माल झाकलेला असेल तर मी ती घेत नाही. बघायलाच मिळालं नाही तर ठरवणार कशावरून?

नळीवर सगळे तपशील नसणं हा लगेच गुन्हा समजू नका. छोट्या पाकिटांना काही तपशील छापण्यातून सूट असते, पण मग ते तपशील ज्या मोठ्या पिशवीत किंवा खोक्यात माल येतो तिच्यावर असायला हवेत. दुकानदाराला सरळ विचारा, “दादा, ही ज्या मोठ्या पिशवीत आली ती जरा दाखवता का?” चांगला दुकानदार दाखवतो. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक शोधा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान उद्योगाची नोंदणी. महाराष्ट्रातल्या राज्य परवान्यात पुढचे दोन आकडे १५ असतात. foscos.fssai.gov.in वर तो क्रमांक टाकला की कुणाचा, कुठल्या पत्त्यावरचा आणि चालू आहे की संपलाय ते दिसतं. क्रमांक आइस कँडीवाल्याऐवजी भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला असंही होतं, म्हणून नाव-पत्ता जुळतो का ते बघाच. क्रमांक असला म्हणजे पाणी शुद्ध आहे असं होत नाही. पण आजार झाला तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत असतं, आणि ज्याला हे ठाऊक असतं तो टाकी धुतो.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, जिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं: नळीची बाहेरची बाजू. मूल पेप्सी दातानं फोडतं. ती पिशवी आधी जमिनीवर पडलेली असते, पैसे मोजलेल्या हातांनी चाचपलेली असते, फ्रीजरमध्ये कधीकधी मटणाच्या किंवा मासळीच्या पिशव्यांशेजारी ठेवलेली असते. आतलं सरबत निर्मळ असलं तरी पहिला घास बाहेरच्या घाणीचाच जातो. घरी आणली तर पिण्याच्या पाण्याखाली चोळून धुवा, पुसा, कात्रीनं टोक कापा आणि पेप्सी पेल्यात काढून द्या. कापलेला प्लास्टिकचा कोपराही मग मुलाच्या तोंडात राहत नाही. शाळेबाहेर हे जमणार नाही, म्हणून तिला एवढं तरी शिकवा की तिच्या बाटलीतल्या पाण्यानं नळीचं टोक धुवायचं आणि मगच फोडायचं.

तुमच्या जागी मी असते तर या दुकानातून दुधाची घेतली नसती. फळाची घेतली असती ती मोठी पिशवी दाखवणाऱ्याकडून, यंत्रानं शिवलेली, कोरडी, उजेड आरपार जाणारी, आणि तीही आठवड्यातून एखाद-दोनदा. मुलीला कावीळ किंवा जुलाब होऊन गेले असतील, किंवा घरात दोन-तीन वर्षांचं लहान भावंड असेल, तर त्या काळात तीही नाही.

शंका खरी वाटली तर तक्रार करा. अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. दुकानाचा पत्ता, दिवस आणि मोठ्या पिशवीचा फोटो तयार ठेवा. अधिकारी स्वतः नमुना घेतात. तुम्ही दिलेली नळी त्यांच्या कारवाईत नमुना म्हणून धरली जातेच असं नाही. ग्राहकाला स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याची सोय अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० मध्ये आहे, आणि अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. त्यासाठी एकाच वेळी घेतलेल्या, न फोडलेल्या नळ्या लागतात. किती लागतील ते प्रयोगशाळेला आधी विचारा. जंतूंची तपासणी हवी असेल तर त्या गोठलेल्याच, बर्फाच्या डब्यात न्याव्या लागतात. वाटेत वितळल्या तर जंतू वाढलेले असू शकतात आणि प्रयोगशाळा असा नमुना घेत नाही. रंगाच्या तपासणीला वितळलेली चालते, फक्त फुटलेली नको.